जुना हेमराज, नवा हेमराज

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, हंगाम ऐन भरात आला आणि हेमराज बोंदरेचं अकाउंट चोरीला गेलं.

हेमराज मोहाडी तालुक्यातला धानाचा शेतकरी. पण धान घरात आला की होळीपर्यंत त्याला शेतात कोणी पाहत नसे. पटाच्या मैदानावर हातात माइक घेऊन तो जोड्या पुकारी. बैलांचं नाव, मालकाचं गाव, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची तारीफ असं सगळं तो अशा झोकात सांगे की शेवटून पहिली आलेली जोडीही मान ताठ करून गावी जाई. पटाचे व्हिडिओ तो आपल्या अकाउंटवर टाकी. ते पाहणारे लोक भंडारा, गोंदिया सोडा, पार बालाघाटपर्यंत होते. पट समित्यांची बोलावणीही त्याच अकाउंटवर येत.

एका दुपारी त्याला मेसेज आला: तुमच्या व्हिडिओतल्या गाण्याबद्दल तक्रार आहे, आजच अपील करा, नाहीतर अकाउंट बंद होईल. खाली लिंक. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारा हेमराज 'अपील' या शब्दाला घाबरला. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला कोडही टाकला. 'धन्यवाद' असं उत्तर आलं. ते मात्र खरं होतं.

संध्याकाळी त्याला स्वतःच्याच अकाउंटमध्ये जाता येईना.

"चोरानं नंबर बदलला, ईमेल बदलला," त्याची मुलगी कामिनी मोबाइल पाहत म्हणाली. ती भंडाऱ्याला बीएस्सीला होती आणि घरातल्या सगळ्या पासवर्डांची मालकीण होती, फक्त हा एक सोडून. "आता कोड मागितला तर तो त्याच्याच फोनवर जाते. पण ईमेल बदलला तवा जुन्या ईमेलवर कंपनीनं कळवलं असन. त्यातून परत मिळवता येते. तुमचा जुना ईमेल कोणता?"

हेमराजने बराच विचार केला. "मनिषच्या दुकानात काढला होता."

मनिषचं मोहाडीला ऑनलाइन कामांचं दुकान होतं. त्यालाही पासवर्ड आठवेना. "काका, तवा मी रोज पन्नास जणाईचे ईमेल काढून देत होतो," तो म्हणाला. पण त्याने धीर सोडला नाही. दोघांनी आधारचा फोटो पाठवला, अर्ज भरला. उत्तर आलं, पडताळणी होऊ शकली नाही. पुन्हा भरला. मग कंपनीने चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. हेमराज दाढी करून, लग्नातला सदरा घालून दुकानात बसला आणि मनिष सांगेल तशी त्याने मान डावीकडे, उजवीकडे फिरवली.

उत्तर आलं: आपला चेहरा या अकाउंटमधील व्यक्तीशी जुळत नाही.

"मंग कोणाशी जुळते?" हेमराज भडकला.

कामिनीने आईच्या फोनवरून ते अकाउंट उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबा, तुमचा फोटोच नाही याच्यात. प्रोफाइलवरही बैल, मागंही बैल. इतक्या वर्षांत एक फोटो नाही तुमचा."

"लोकं बैल पाहाले येतात. माहा चेहरा कायले पाहतीन?"

तिकडे चोर मात्र चेहऱ्याविना चांगला चालला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात एका पांढऱ्या मोटारीचा फोटो टाकला. खाली हिंदीत मजकूर: भगवान की कृपा से नई गाड़ी, एक ऐप में पैसा लगाया और ज़िंदगी बदल गई, जानकारी के लिए मैसेज करें. खाली अभिनंदनाचा पाऊस पडला. हेमराजला ओळखणाऱ्या एकाही माणसाला त्याने हिंदीत लिहिल्याचं नवल वाटलं नाही. मोटार आली की हिंदीही येत असावी.

साकोलीहून त्याच्या बायकोच्या भावाचा, बाबुलालचा फोन आला. "जवाईबापू, गाडी घेतली अन् मले सांगतलंही नाही?"

"अरे, अकाउंट हॅक झालं माहं. गाडी-बिडी काही नाही."

"हाव हाव," बाबुलाल म्हणाला, "नका सांगू. आमी काही बसाले मागून नाही राहिलो."

गावातही तेच. दुकानदार हेमराजला पाहून खुर्ची पुढे करू लागला. गाडी नाही असं तो जितकं सांगे, तितकं लोकांना त्याचं कौतुक वाटे. एवढं आलं तरी माणूस जमिनीवर आहे, असं म्हणत. त्याची बायको कुंताबाई पाणी भरून आली ती हसतच. "बायाईनं मले विचारलं, गाडीचा रंग पांढराच काहून घेतला? धुळीत मळते म्हणे."

हसू थांबलं ते घनश्यामच्या फोनने. घनश्याम तुमसरकडचा बैलमालक, हेमराजने त्याची जोडी अनेकदा पुकारलेली. "भाऊ, तुम्ही सांगतलं त्या ॲपमधी मी पैसे टाकून राहिलो. म्हटलं एकडाव आवाज ऐकून घ्यावा."

हेमराज ओरडला, "नको टाकू! तो मी नाही, रे!"

कामिनीने त्याच दिवशी सायबरच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. मग ती बापासमोर बसली. "बाबा, आता नवीन अकाउंट काढू अन् सगळ्याईले सांगू. जुनं सोडून द्या."

"सोडून कसं देऊ? माही मेहनत हाय त्यात. चौथं अपील टाकलंय, त्याचं उत्तर तं येऊ दे."

"अपील राहू द्या चालू. लोकाईले तं आज सांगा. उद्या घनश्यामकाकासारखा एखादा फोन करणार नाही, सरळ पैसे टाकन."

पण हेमराजच्या मनात काही वेगळंच होतं. लोकांना सांगणं म्हणजे हरलो असं सांगणं. त्याने दोन-चार जवळच्यांना फोन केले आणि पुन्हा मनिषच्या दुकानात जाऊन बसला. अपिलाच्या नादात मैदानावर जाणं कमी झालं. कोणी बोलवत नव्हतं तेही त्याला खटकलं नाही. हंगाम यंदा थंड असेल, असं त्याला वाटलं.

मग बाजाराच्या दिवशी कोणीतरी सहज म्हणालं, लाखनीकडे श्यामरावांच्या गावचा पट काय जोरात सुरू झालाय. श्यामराव तिथल्या समितीचे अध्यक्ष. त्यांचा पट हेमराजशिवाय कधी झाला नव्हता. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"श्यामरावजी, मले बोलावलं नाही?"

"बोलावलं ना, जी," श्यामरावांचा आवाज कोरडा होता. "नेहमीसारखा मेसेज टाकला. तुम्ही इंग्रजीत उत्तर देल्लं. पोराकडून वाचून घेतलं. आधी कंपनीत पैसे लावा, मंग बोलू, असं होतं त्यात. म्हटलं, मोटारवाला माणूस आता आपल्या धुरळ्यात कायले येते? दुसरा निवेदक पाहिला."

हेमराजने सगळं सांगितलं. श्यामराव ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मंग हे आधी नाही सांगाचं?"

घरी येताना हेमराजच्या लक्षात आलं. ज्या बोलावण्यांसाठी ते अकाउंट हवं होतं, ती बोलावणी तो अकाउंटसाठी भांडता भांडता घालवत होता. आणि ते उद्या मिळालं असतं तरी मोटारीचा मालक म्हणूनच परत मिळालं असतं. घरात शिरताच तो कामिनीला म्हणाला, "काढ बापा नवीन. झालं माहं भांडून."

कामिनीने आधी त्याच्याच नंबरवर नवा ईमेल काढला आणि पासवर्ड त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग नवं अकाउंट, त्याला दुहेरी पडताळणी. आणीबाणीचे कोड कुंताबाईने लुगड्यांच्या पेटीत ठेवले. प्रोफाइलवर फोटो हेमराजचा, एकही बैल न घेता. खाली लिहिलं: जुनं अकाउंट चोरीला गेलं आहे, तिथे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसऱ्या दिवशी जुन्या अकाउंटवरही सूचना आली. यावेळी शुद्ध मराठीत: माझ्या नावाने कोणीतरी बनावट अकाउंट उघडले आहे, कृपया रिपोर्ट करा.

हेमराजचे चाहते पक्के निष्ठावान. सगळे नव्या अकाउंटवर तुटून पडले. एकाकडे हजारो लोक आणि मोटार, दुसऱ्याकडे मेहुणा, मुलगी आणि मनिष. खोटा कोण ते उघडच होतं. संध्याकाळपर्यंत नवं अकाउंट बंद पडलं. कंपनीने पुन्हा चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. हेमराजने पुन्हा मान डावीकडे, उजवीकडे केली. यावेळी चेहरा जुळला आणि अकाउंट सुरू झालं. कंपनीच्या लेखी हेमराज पहिल्यांदाच हेमराज ठरला होता.

"आता तिथं लिहून काही होत नाही," कामिनी म्हणाली. "कोणी काही लिहू शकते. आवाज कोणाले चोरता येत नाही. फोन लावा."

सुदैवाने बैलमालकांचे नंबर मोबाइलमध्ये होते. बापलेक ओसरीवर बसले. हेमराज फोनवर ज्याची त्याची जोडी नावानिशी पुकारी, समोरचा हसे आणि मग तो मुद्द्यावर येई. "नवीन अकाउंट माहं. जुन्यावर माहा फोटो नाही, नव्यावर हाय. तुमच्या फोनवरून जुन्याले रिपोर्ट करा, अन् तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका." माणसामाणसाशी बोलण्यात दोन दिवस गेले. पण चार अपिलांनी झालं नव्हतं एवढं काम झालं.

श्यामरावांनी पटाच्या शेवटच्या दिवशी त्याला बोलावलं, दुसरा निवेदक असतानाही. मैदानावर त्याच्या खांद्यावर हात टाकून व्हिडिओ काढला, "हाच खरा हेमराज हाय" असं ठासून सांगितलं, आणि तो व्हिडिओ समित्यांच्या ग्रुपवर फिरला. हेमराजने माइकवरूनही जाहीर केलं की जुनं अकाउंट आपलं नाही, मोटारही आपली नाही. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "गाडी विकली का जी?"

हंगामाचे उरलेले पट त्याला मिळाले. नव्या अकाउंटवर माणसं हळूहळू जमली. जुन्यातली सगळी काही आली नाहीत. जुन्यावर बरेच रिपोर्ट गेले, पण ते बंद काही झालं नाही. चौथ्या अपिलाचं उत्तर आलं का, हे हेमराजने पाहिलं नाही. विचारलं तर म्हणे, "कोणतं अपील?"

उन्हाळ्यात एकदा कामिनीने पाहिलं, तर जुन्या अकाउंटचं नावच बदललं होतं. आता तिथे कुठल्याशा परदेशी दुकानाच्या चपला विकायला होत्या. बहुतेक सगळे जुने लोक मात्र तिथेच होते. एका चपलेखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'खूप खूप शुभेच्छा हेमराजभाऊ, असेच पुढे जा.'

तिने फोन बापापुढे धरला. हेमराजने चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला.

"चपला बऱ्या हायेत," तो म्हणाला आणि शुभेच्छा देणाऱ्याचा नंबर शोधू लागला.