तिन्हीला ‘ब’

सेजलची उत्तरपत्रिका चंद्रावतीबाईंनी तिसऱ्यांदा तपासली, तेव्हाही बेरीज सदतीसच आली. चाळीसपैकी सदतीस. अकरा उमेदवारांत सर्वांत जास्त. पण बाईंची नजर बेरजेवर नव्हती. ती चुकलेल्या तीन उत्तरांवर खिळली होती.

मयेच्या वाचनालयाला एक सहायक ग्रंथपाल नेमायचा होता. जागा एकच, तीही कायम. बाई डिचोलीच्या एका हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, पण वाचन दांडगं आणि काम चोख, म्हणून समितीचे अध्यक्ष शांतारामभाऊ यांनी प्रश्नपत्रिका त्यांनाच काढायला सांगितली. चाळीस प्रश्न, सगळे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे. प्रत्येकाला चार पर्याय, आणि त्यातला सर्वांत जवळचा निवडायचा. दूरचे पर्याय टाकून कोणीही प्रश्न काढतो, असं बाईंचं मत. जवळजवळचे शब्द शेजारी बसवले की मगच वाचणारा कोण आणि घोकणारा कोण ते कळतं.

गुरुवारी त्यांनी उत्तरांची यादी पाकिटात बंद करून वाचनालयात दिली. सचिव सुदेशबाबांनी ती कपाटात ठेवली. शुक्रवारी छापखान्यात प्रूफ बघताना बाईंच्या लक्षात आलं की बरोबर उत्तर ‘ब’वरच फार वेळा येतंय. त्यांनी तीन प्रश्नांत ‘ब’ आणि ‘क’ची अदलाबदल केली, नवी उत्तरं वहीत लिहून घेतली, आणि कपाटातलं पाकीट बदलायचं राहून गेलं. रविवारी परीक्षा झाली.

आता मंगळवारी त्यांच्यासमोर दोन कागद होते. जुन्या यादीत प्रश्न नऊ, सतरा आणि एकतीस यांची उत्तरं ब, ब, ब. सेजलनेही तिन्हीला ‘ब’ लिहिलेलं. बाकी सदतीस अचूक.

आणि कपाटाची किल्ली भिकाजीकडे असायची. भिकाजी म्हणजे वाचनालयाचा शिपाई. सेजलचा बाप.

“मी सांगत नव्हतो?” सुदेशबाब खुर्ची पुढे ओढत म्हणाले. ते बाईंच्या घरी निकाल न्यायला म्हणून आले होते. जुनं पाकीट फोडून पडताळा बघायची कल्पनाही त्यांचीच. “पाकीट तीन रात्री त्याच्या ताब्यात. वाफेवर धरलं की डिंक सुटतो, बाई. तुम्ही सायन्सच्या, तुम्हांला मी काय सांगणार.”

“पाकिटावर काही खूण नाही.”

“खूण ठेवून कोण चोरी करतो मगे?”

“तिला बाद केलं तर पुढचा कोण?”

“तसा प्रज्योत येतो,” सुदेशबाब चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. “छत्तीस. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, म्हणून मी काही बोलत नाही. आकडेच बोलतात.”

ते गेल्यावर बाई बराच वेळ बसून राहिल्या. आकडे बोलतात हे खरं, पण ते विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतात. चार पर्यायांतला एक चुकून उचलायचा, तोही तिन्ही वेळा जुन्या यादीतलाच, याची शक्यता त्यांनी मनातल्या मनात काढली. सत्तावीसात एक. संशय घट्ट झाला. भिकाजीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, परीक्षेच्या दिवशी पंख्याची बटणं दाबताना मुलीकडे मुद्दाम न बघणारा. मुद्दाम का?

मग त्यांना स्वतःचाच राग आला. सत्तावीसात एक हे गणित केव्हा बरोबर? चुकीचे तिन्ही पर्याय सारखेच ओढ लावणारे असतील तेव्हा. आणि त्यांनी तर अदलाबदल करताना ‘ब’च्या जागी प्रत्येक वेळी सर्वांत फसवा शब्द आणून बसवला होता.

‘संकोच’चा समानार्थी. अ, भीती. ब, लाज. क, भीड. ड, नम्रता. उत्तर भीड. लाज स्वतःच्या वागण्याची वाटते. भीड समोरच्या माणसाची पडते, आणि संकोच तिच्याच शेजारी बसतो.

‘चिकाटी’चा समानार्थी. त्यात ब होतं जिद्द आणि क नेट. जिद्द माणूस सुरुवातीला धरतो. नेट म्हणजे धरलेलं काम न सोडणं.

‘उधळ्या’चा विरुद्धार्थी. ब, कंजूष. क, काटकसरी. इथे उलटी जोडी लावून बघायची. कंजूषच्या विरुद्ध कोण? उदार. म्हणजे कंजूष आधीच दुसऱ्या जोडीत बांधलेला. उधळ्यासाठी उरतो काटकसरी.

प्रामाणिक माणूस चुकला तर कुठे चुकेल? ‘ब’वरच.

हे ताडून बघायचं तर बाकीच्या दहा जणांना विचारायला हवं होतं, आणि त्यांच्या उत्तरपत्रिका समोरच होत्या. बाईंनी वहीत तक्ता आखला. आडवे अकरा उमेदवार, उभे चाळीस प्रश्न. बरोबरला टिंब, चुकीला फुली. अर्धी दुपार गेली.

लाज लिहिणारे आठ. जिद्द लिहिणारे सात. कंजूष लिहिणारे तर नऊ. इतक्या जणांनी काही कपाट फोडलं नव्हतं. नार्वे, पाळी, मये, सगळीकडची मुलं त्याच खड्ड्यात पडली होती, आणि खड्डा बाईंनीच खणलेला.

त्यांना हायसं वाटलं असतं. पण तक्त्यात एक ओळ वेगळी दिसत होती. प्रज्योतची. तिन्ही अवघड प्रश्न बरोबर असणारा तो एकटाच. इतकंच नव्हे, जिथे निम्म्याहून जास्त उमेदवार अडखळले त्या सगळ्या प्रश्नांत त्याला टिंबं. फुल्या फक्त चार, आणि त्या कुठे? आकाश म्हणजे काय, तर ‘धरणी’. ‘सुरुवात’च्या विरुद्ध ‘आरंभ’. बाकीच्या दहाही जणांनी बरोबर सोडवलेले प्रश्न.

उंच भिंत चढून जाणारा माणूस उंबऱ्याला अडखळून चार वेळा पडतो? पडतो, मुद्दाम पडायचं असेल तर.

पण जुनी यादी पाहिली असती तर प्रज्योत त्या तिन्हीत चुकला असता. त्याच्याकडे नवी उत्तरं होती. नवी उत्तरं बाईंच्या वहीत, आणि वही घरात. बाईंनी शुक्रवार पहिल्यापासून आठवला. छापखान्यातलं टेबल, प्रूफ, हातातली पेन्सिल. अदलाबदल केल्यावर घोटाळा नको म्हणून त्यांनी प्रूफवर प्रत्येक बरोबर पर्यायापुढे बारीक खूण केली होती, त्यावरून वहीत उतरवून घेतलं होतं, आणि प्रूफ टेबलावरच सोडून उठल्या होत्या.

त्यांनी छापखान्यात फोन लावला.

“तो कागद? गठ्ठ्यावरच बांधून दिला, बाई,” छापखानेवाला महादेव म्हणाला. “वरच, आत काय आहे ते कळावं म्हणून. शनिवारी सुदेशबाब येऊन घेऊन गेले. काय, कमी पडले की काय पेपर?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुरले.”

बुधवारी संध्याकाळी वाचनालयात समिती बसली. बाईंच्या सांगण्यावरून दोघा उमेदवारांनाही बोलावलं होतं. भिकाजीने सगळ्यांसाठी चहा आणला आणि तो दाराशीच उभा राहिला. कोणी त्याला बस म्हटलं नाही.

“निकाल लावायचा की सभा भरवायची, बाई?” सुदेशबाब हसत म्हणाले.

“दोघांना एकेक प्रश्न विचारते, मग लावू. सेजल, संकोचसाठी तू लाज का निवडलंस?”

सेजलने आधी बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मी वाक्यात घालून बघितलं. ‘जेवायला बसताना पाहुण्याला संकोच वाटला.’ तिथे भीडही बसत होती, लाजही बसत होती. भीती नाही बसली, नम्रता नाही बसली. दोघांत मला लाज जवळची वाटली. चुकलं का?”

“चुकलं. पण रीत बरोबर होती. पाहुणा लाजला असता तर त्याने काहीतरी वावगं केलं असतं. त्याला यजमानाची भीड पडलीय.” बाई वळल्या. “प्रज्योत, तू भीड लिहिलंस. बरोबर आहे. लाज का नको?”

प्रज्योतने केसांतून हात फिरवला. “असंच... जवळचं वाटलं म्हणून.”

“कशाच्या जवळचं?”

“म्हणजे शब्दाच्या.”

“आणि आकाश म्हणजे धरणी?”

शांतारामभाऊ चहा पिता पिता थांबले. “काय म्हणालात?”

“पोराला घाई झाली असेल,” सुदेशबाब म्हणाले. “उलट तपासणी कसली करताय, बाई? संशय त्या बाजूला होता, ह्या बाजूला नाही.”

बाईंनी तक्ता टेबलावर पसरला. बोट ठेवून, आवाज न चढवता, त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटी त्या म्हणाल्या, “पहिली चूक माझी. खुणा केलेलं प्रूफ मी छापखान्यात विसरले. ते गठ्ठ्याबरोबर इथे आलं. ते आता कुठे आहे, सुदेशबाब?”

“मला काय ठाऊक? गठ्ठा मी सोडलाच नाही.”

“वरच बांधलेलं होतं, असं महादेव सांगतो.”

“महादेव काय, काहीही सांगेल.”

“बरं. मग कोणावरच आरोप नको. परीक्षा मीच ढिली ठेवली, तर दोघांसाठी पुन्हा घेते. आत्ता, इथे. सहा शब्द, फळ्यावर. उत्तर कुठेच लिहिलेलं नाही, माझ्याही वहीत नाही. प्रत्येकाने निवडायचं आणि का ते दोन ओळींत लिहायचं.”

सेजलचा चेहरा उतरला. एकदा जिंकलेलं पुन्हा पणाला लागत होतं. तरी तिने पिशवीतून पेन काढलं.

प्रज्योत मात्र बसूनच होता. मामा त्याच्याकडे बघत होता, तो मात्र जमिनीकडे. “मला नको, मामा,” तो शेवटी म्हणाला. “मी तुला आधीच सांगितलेलं, पुस्तकांचं काम मला जमणार नाही.” आणि चपला घालून, दाराशी उभ्या भिकाजीच्या शेजारून, तो निघून गेला.

सुदेशबाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. शांतारामभाऊंनी निकालाचा कागद पुढे ओढला, सेजलचं नाव लिहिलं, आणि पेन सुदेशबाबांपुढे धरलं. “सचिवांची सही लागते,” ते एवढंच म्हणाले. सुदेशबाबांनी सही केली. अक्षर लागत नव्हतं.

सगळे पांगल्यावर सेजल कपबशा उचलायला थांबली. बाई तक्त्याची घडी घालत होत्या.

“सोमवारपासून ये. दहाला.”

“येते.” तिने कप ट्रेमध्ये ठेवले, एकावर एक. मग न राहवून तिने विचारलं, “बाई, बाबा कालपासून जेवले नाहीत. गावात कुजबुज झाली ना. तुम्हांलाही आमच्याबद्दल शंका आली होती का?”

‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. बाईंनी तो शब्द एकदा मनात वाक्यात घालून बघितला. बसला नाही.

“शंका आली असती तर मी आधी तुलाच विचारलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं नाही. मी अर्धा दिवस संशय घेतला.”

सेजलने मान हलवली. क्षमा केली की फक्त ऐकून घेतलं, ते बाईंना कळलं नाही. ट्रे घेऊन ती मागच्या नळाकडे गेली. बाई उठल्या आणि भिकाजीला काय म्हणायचं ते जुळवत दाराकडे चालू लागल्या.