फोनमागचा अब्बा

दापोडीतल्या खोलीवर पहिल्या शिफ्टची माणसं परतली की आधी चहा होई आणि मग मोईज गावाकडे फोन लावी. परभणीकडे त्याची बायको आरफा आणि चिमुकली साबिया होत्या. फोन उचलला की आरफा लेकीला पडद्यासमोर धरी, आणि लेक क्षणभर बघून सुळकन पळून जाई. एकदा थांबली, पण 'मामा' म्हणाली. फोनमध्ये दिसणारा प्रत्येक पुरुष तिला मामाच वाटे. मोईज हसला खरा, पण त्या दिवशी ताट तसंच सरकवून उठला.

मोईज चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होता. बिघडलेली मशीन नीट करणारा माणूस, आणि जिभेनं तिखट. ऑपरेटरनं 'मशीन बंद हाय' एवढंच कळवलं की त्याचं डोकं फिरे. कधीपासून बंद? आवाज येतो का? तू काय करून पाहिलंस? हे सांगितलं नाही तर मी कोणती हत्यारं घेऊन येऊ? असं तो सगळ्यांदेखत झापायचा. त्यात सर्वात जास्त बोलणी खाई सयाजी, जो कंपनीत प्रेस मशीन चालवायचा आणि खोलीतही त्याच्याच शेजारी झोपायचा.

असा हा शहाणा त्या संध्याकाळी फोनमधल्या एआयला विचारता झाला, 'माझी मुलगी फोनवर बोलत नाही. काय करू?'

उत्तर लांबलचक आलं. मुलीच्या खाजगीपणाचा आदर करा. या वयात मैत्रिणी जवळच्या वाटतात. ती रागावली असेल तर तिला वेळ द्या. अभ्यासावरून टोकू नका.

"अभ्यास? दूध प्यायला रडते ती!" मोईजनं फोन गादीवर आपटला. "काही कळत नाही याला."

सयाजीनं फोन उचलून वाचलं आणि पोट धरून हसला. "लेका, तू काय सांगितलंस त्याला? मशीन बंद हाय, एवढंच ना? मग तो कोणतं हत्यार आणणार?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मोईजचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस प्रामाणिक होता. त्यानं फोन परत घेतला आणि त्याच उत्तराखाली लिहायला बसला.

'हे मोठ्या मुलीचं झालं. माझी दोन वर्षांची आहे. मी पुण्याकडे, ती गावी. व्हिडिओ कॉल लावला की पळते. मी नाव विचारतो, काय खाल्लं विचारतो, चॉकलेट दाखवतो. जमत नाही. तिनं माझ्याशी बोलावं.'

"बोलून काय पाहिजे तुला?" सयाजीनं खांद्यावरून डोकावत विचारलं. "ती काय गावच्या बातम्या सांगणार हाय?"

मोईजचा अंगठा थांबला. खरंच, त्याला बोलणं नकोच होतं. त्यानं शेवटचं वाक्य खोडलं. मग लिहिलं, 'ती नाही बोलली तरी चालेल. हा माझा बाप आहे, एवढं तिला कळावं. आज ती मला मामा म्हणते.' लिहिताना डोळे चुरचुरले. ही गोष्ट त्यानं आरफालाही बोलून दाखवली नव्हती.

या वेळचं उत्तर छोटं होतं. एवढ्या लहान मुलांना फोनवरचे प्रश्न जड जातात, ते सोडा. रोज एकाच वेळी एकच खेळ खेळा. रुमालानं तोंड झाका, आईनं 'अब्बा कुठे?' म्हणावं, मग तोंड दाखवा. ती पळाली तर जाऊ द्या. लगेच होईलच असं नाही.

लगेच झालंही नाही. सुरुवातीला ती पळालीच. मग दारात थांबून बघू लागली. पुढं आईच्या मांडीवर येऊन बसली, रुमाल खाली आला की खिदळू लागली. मोईजनं एकही प्रश्न विचारला नाही, जीभ आवरून बसे.

आणि एका संध्याकाळी त्यानं रुमाल तोंडावर घेतला, आरफा "अब्बा कुठंय?" म्हणाली, आणि पलीकडे एकदम खडखडाट झाला. रुमालाच्या कडेनं त्यानं पाहिलं तर पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

"काय झालं?"

"काही नाही हो," आरफाचा आवाज आला. "फोन उलटा करून बघायली. तुम्ही त्याच्या मागं लपून बसलात असं वाटतंय तिला."

मग अगदी जवळून, रडवेला, बारीक आवाज आला, "अब्बा न्हाई."

किती दिवस त्यानं हा शब्द ऐकायची वाट पाहिली होती! आता तो आला, तर त्याच्यापुढं 'न्हाई' जोडलेलं होतं.

"काढ की रुमाल," सयाजी हळूच म्हणाला. "पोरगी शोधायली तुला."

मोईजनं रुमाल काढला नाही. आधी त्याच रुमालानं डोळे पुसून घेतले.