अण्णांच्या आधी वारलेला सुशांत

सुशांत तोरसकर आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या आधी वारला, असं दिंडोशीच्या दिवाणी कोर्टाने एका मंगळवारी ठरवलं. ठरवलं तेव्हा सुशांत मागच्या बाकावर बसून रुमालाने चष्मा पुसत होता. तब्येत ठणठणीत. वजनही थोडं वाढलेलं.

पण हे अजून झालेलं नाही. झालं असतं तर त्याच्या बहिणीला, उत्तराला, एवढं भ्यायचं कारणच उरलं नसतं. तेव्हा सध्या ते विसरा. सुशांत बोरिवलीच्या घरात आहे आणि बटणं बंद करत फिरतोय.

ही त्याची जुनी सवय. कुणी खोलीतून उठलं की पंख्याचं बटण, टक्. चार्जर, टक्. आई हयात असताना त्याला कौतुकाने ‘लाइट बिलाचा रखवालदार’ म्हणायची. धाकट्या उत्तराला त्या आवाजाचं कधी काही वाटलं नव्हतं. अण्णा गेले तोपर्यंत.

अण्णांच्या फुप्फुसांनी आधी गिरणीतली रुई खाल्ली, मग बिडी. शेवटचं वर्षभर ते आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनला नळीने बांधलेले होते. मशीन भाड्याचं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. एका गुरुवारी उत्तरा कामावरून घरी आली तेव्हा मशीन नीट घरघरत होतं आणि अण्णा नव्हते. डॉक्टरांनी जुना आजार म्हणून दाखला दिला. शनिवारी वकीलबाई घरी येणार होत्या. घर उत्तराच्या नावावर करायचं मृत्युपत्र अण्णांना करायचं होतं. ते राहिलं. आता घर दोघांचं, निम्मं निम्मं.

तेरावं झाल्यावर मशीन न्यायला माणिक आला. भाड्याने मशीनं देणाऱ्या दुकानातला. चालू करून बघितलं, ठीक आहे म्हणाला आणि बटण बंद न करताच प्लग ओढला.

मशीन किंचाळलं. पीं, पीं, पीं.

“हे काय?” उत्तराने विचारलं.

“लाइट गेली की बोंबलतं, ताई. आत बॅटरी असते. पेशंटला कळायला नको?”

 हा आवाज तिने ऐकला होता. त्याच गुरुवारी दुपारी, फोनवर. कामावरून येताना बाजारातून तिने सुशांतला फोन केला होता, बांगडे आणू की सुरमई. मागे हेच चाललं होतं, पीं, पीं. “टेम्पो रिव्हर्स घेतोय खाली,” सुशांत म्हणाला होता. मग दार लागल्याचा आवाज आला, टेम्पो लांब गेला आणि ती आणखी बराच वेळ बांगड्यांवर बोलत राहिली.

तिने वर बघितलं. सुशांत दारात उभा होता. तो मशीनकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

“केवढा आवाज,” तो म्हणाला. “बंद कर रे बाबा.”

उत्तराच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत असे. ती सोय तिने बँकवाल्यांशी भांडायला ठेवली होती, आणि सुशांतला ती माहीत होती. दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डिंग घेऊन त्याच वकीलबाईंकडे, शर्मिष्ठाताईंकडे गेली. साडीच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. ताईंनी ते दोनदा ऐकलं आणि समोरचा चहा बाजूला सारला.

“खून करणाऱ्याला मेलेल्याची इस्टेट मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “हिंदू वारसा कायदा, कलम पंचवीस. आणि सत्तावीस म्हणतं, तो अण्णांच्या आधीच वारला असं धरून वाटप करायचं. त्याला बायको-पोरं नाहीत. म्हणजे सगळं तुझं.”

“पण तो जिवंत आहे, ताई. आज सकाळी पोहे खाल्ले त्याने.”

“खाऊ दे. कायद्याला पोह्यांशी घेणं नाही.”

“आणि सवयीने बटण बंद केलं असेल तर?”

“तर निम्मं त्याचं. निष्काळजीपणा म्हणजे खून नव्हे. मारायचंच होतं हे आपल्याला दाखवायला लागेल. पण बघ, सवयीने बटण बंद होतं. सवयीने मशीन ओरडत असताना दार लागत नाही, आणि तू यायच्या आत मशीन परत सुरूही होत नाही.”

“त्याला शिक्षा होईपर्यंत थांबायचं?”

“नाही. फौजदारी खटला आपल्या गतीने चालेल. दिवाणी कोर्ट स्वतः पुरावा बघून ठरवू शकतं. कॉपी माझ्याकडे राहू दे, पण मूळ फोन जप. उद्या सकाळी तो पोलिसांकडे द्यायचा. आणि आज घरी जाऊ नकोस.”

घरी नाही गेलं तर त्याला कळेल, असं उत्तराला वाटलं. म्हणून ती गेली. आणि घाबरलेलं माणूस काय करेल सांगता येत नाही, वाटेत तिने बांगडे घेतले.

सुशांतने ते स्वतः तळले. फार प्रेमाने. “डोक्याकडचा घे,” म्हणाला. उत्तराने मात्र तो स्वतः खात होता त्याच ताटलीतला तुकडा उचलला.

“तुझा फोन दे जरा. माझी बॅटरी गेलीय.”

“माझीही गेलीय.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शर्मिष्ठाताई. दोघेही स्क्रीनवरचं नाव बघत राहिले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

“वकीलबाई,” सुशांत म्हणाला. “काय ऐकवलंस त्यांना?”

तिने फोन मुठीत घेतला.  “बांगड्यांचा फोन,” ती म्हणाली. “कॉपी त्यांच्याकडे आहे, दादा. आणि मला काही झालं ना, तर माझाही वाटा तुला मिळणार नाही. तोच कायदा आहे.”

सुशांतने हात धुतले. पुसले. हिशेब जुळत नसला की अण्णा जसे छताकडे बघायचे, तसं बघितलं.

“सिद्ध झालं तर ना?” त्याने विचारलं. अगदी शांतपणे, माहिती म्हणून.

मग हात लांब करून त्याने स्वयंपाकघराचा दिवा बंद केला. टक्.

उत्तरा चप्पल न घालता समोरच्या परबकाकूंकडे पोचली. मधे दोन दारं होती, ती कुणी उघडली हे तिला आजही सांगता येत नाही. मुठीत फोन होता. दुसऱ्या मुठीत बांगड्याचा तुकडा.

पुढची वर्षं ती चेंबूरला मावशीकडे राहिली आणि तारखांना येत गेली. सुशांतला अटक झाली, तो जामिनावर सुटला, तोही तारखांना येत गेला. शेवटी रेकॉर्डिंग, माणिकची साक्ष आणि शनिवारचं राहून गेलेलं मृत्युपत्र एकत्र ठेवून कोर्टाने तेच ठरवलं, जे वर आपण विसरलो होतो. जिन्यात सुशांत तिच्या शेजारून उतरला. “येतो गं,” म्हणाला. मेलेल्या माणसाने असं म्हणू नये.

घराची किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी उत्तराने सगळी बटणं चालू केली, आतल्या खोलीतलीसुद्धा, आणि भर उन्हात दिवे लावून ती अण्णांच्या खाटेवर बसली. भीती गेली नव्हती. मग तिने एक अर्ज लिहिला. शर्मिष्ठाताईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि दाखल करायला नकार दिला. अर्ज असा:

मा. न्यायालयास,

विषय: निकालाची पूर्ण अंमलबजावणी होणेबाबत.

महोदय, आपल्या निकालानुसार प्रतिवादी सुशांत सीताराम तोरसकर हा वडिलांच्या आधीच वारला असे धरण्यात आले आहे. सबब सदर गुरुवारी दुपारी तो घरात हजर नव्हता. सबब मशीनचे बटण कोणीही बंद केलेले नाही व दार कोणीही लावलेले नाही. सबब अर्जदाराचे वडील मयत सीताराम तोरसकर हे मयत नाहीत. तरी त्यांना नळी व मशीनसह अर्जदाराच्या ताब्यात देण्याचा आदेश व्हावा, ही नम्र विनंती.