बारा हप्त्यांचा अर्ज

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'भिंग' म्हणायचे. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या ओळीनं सरकत जायच्या आणि केसाएवढी चीरसुद्धा तिच्या नजरेतून निसटायची नाही. अकरा वर्षं ती त्याच स्टुलावर बसत होती. शेजारच्या स्टुलावर बडबडी. तिचं तोंड सकाळी उघडलं की पाळी सुटल्यावरच मिटायचं, पण मनानं ती लोण्यासारखी होती.

भिंगचा नवरा रंगारी. मंगळवारी तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडून घेतलं. आत सळई घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घरातलं होतं नव्हतं ते गोळा करून, कानातलं मोडूनही साठ हजार कमीच पडत होते. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत भरा. नाहीतर पेशंटला दुसरीकडे हलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात हेडक्लार्कसमोर जाऊन उभी राहिली. म्हातारा भला होता. त्यानं कोरा कागद पुढे सरकवला.

"रडगाणं लिहू नका बाई. साहेब दुसऱ्या ओळीनंतर वाचत नाहीत. किती हवेत, कशाला हवेत, कसे फेडणार, एवढंच लिहा. आणि हॉस्पिटलचा खर्चाचा कागद जोडा."

तिनं लिहिलं. अक्षर वळणदार होतं, हात मात्र कापत होता.

'मा. मॅनेजर साहेब, माझ्या पतीच्या पायाचं ऑपरेशन तातडीनं करायचं असल्यानं मला पगारातून साठ हजारांची उचल मिळावी, ही विनंती. हॉस्पिटलचा खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. पुढच्या महिन्यापासून दरमहा पाच हजार याप्रमाणे बारा हप्त्यांत ही रक्कम माझ्या पगारातून कापून घ्यावी. मध्येच नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम माझ्या शेवटच्या हिशेबातून वळती करावी. तेवढ्यानं भागलं नाही, तर बाकी जामीनदाराच्या पगारातून घ्यावी.'

"जामीनदार कायम नोकरीतला लागतो," हेडक्लार्क म्हणाला.

बडबडीनं अर्ज वाचलाही नाही. "कुठे सही करू ते सांग! भावजींना पायावर उभं कर आधी. आणि माझ्या पगाराचं भ्या घालू नका कोणी, तसाही तो माझ्या हाती कुठे राहतो!"

मॅनेजरच्या केबिनमध्ये एसी चालू होता. त्यानं अर्ज एकदा वाचला. मग हप्त्यांच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला.

"बारा महिने," तो म्हणाला. "म्हणजे वर्षभर तरी तुम्ही कुठे जात नाही."

"नाही साहेब. जाऊन जाऊन कुठे जाणार?"

"तेच म्हणतोय मी." तो हसला. अगदी घरच्यासारखा हसला. "भट्टीकडे साच्यांना तेल लावायला माणूस नाही. तीन महिन्यांत चौघं पळाले. ज्याला त्याला सोडून जायची घाई. सोमवारपासून तुम्ही तिकडे जा."

भट्टीकडचं काम तिनं लांबून पाहिलं होतं. लालबुंद काच साच्यात पडत राहते, आणि यंत्र चालू असतानाच हात आत घालून, तेलात बुडवलेल्या बोळ्यानं ते साचे पुसायचे. दर पंधरा मिनिटांनी. धूर थेट नाकात. चौथ्या माणसाची दोन बोटं यंत्रानं घेतली होती.

"साहेब, मी अकरा वर्षं तपासणीला आहे. तिकडचं मला जमायचं नाही."

"मग अर्ज राहू द्या." त्यानं तो हलकेच तिच्याकडे सरकवला. "जबरदस्ती थोडीच आहे? उचल म्हणजे काही हक्क नाही बाई. मेहेरबानी असते."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. तिनं दोन बोटांनी अर्ज परत त्याच्याकडे ढकलला.

त्यानं 'मंजूर' लिहून सही ठोकली. "चेक हॉस्पिटलच्या नावानं निघेल. आणि तोंड पाडू नका. भट्टीला दुसरं कोणी मिळालं की तुम्हाला परत स्टुलावर बसवतो. हप्तेवालं मिळालं तर फारच छान. हप्तेवाली माणसं टिकतात."

तासाभरात चेक मिळाला, पैसे वेळेत भरले, ऑपरेशन झालं. नवरा घरी आला आणि खाटेवरून चहा कोमट असल्याची तक्रार करू लागला. ती भट्टीवर रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिच्या मनगटावर फोड उठले, भुवया जळाल्या. शिंकरलं की काळं यायचं. पण सगळ्यात वाईट म्हणजे डोळे. त्या लाल उजेडानं ते चुरचुरत राहायचे, आणि घरी सुईत दोरा ओवायला तिला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. नोकरी सोडावी असं रोज मनात यायचं. पण सोडली तर हिशेबातून न भागलेलं सगळं बडबडीच्या पगारावर पडणार होतं.

तिला भट्टीवर का धाडलं, हे तिनं बडबडीला सांगितलं नाही. "तिकडे माणूस कमी आहे गं, थोड्या दिवसांचं आहे," एवढंच म्हणाली. जिनं न वाचता सही केली, तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

चार हप्ते कापले गेले. पाचव्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत बडबडी तिच्याजवळ येऊन बसली आणि चक्क गप्प राहिली.

"आईच्या पित्ताशयात खडे झालेत," शेवटी ती म्हणाली. "पू झालाय म्हणे. लगेच काढायला हवं. पन्नास हजार हवेत. जामीन माझा दीर राहील, पॅकिंगमधला. तू अर्ज लिहून दे ना गं. तुझा लगेच मंजूर झाला होता."

भिंगनं डबा बाजूला ठेवला. बडबडीचा नवरा कमावता होता, चार-पाच महिन्यांत ती पैसे फेडू शकली असती. थोडे हप्ते लिहिले, तर मॅनेजरच्या लेखी ती टिकणारी ठरली नसती. भिंगला हे सगळं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

"फेडायचं कसं लिहू?" तिनं विचारलं.

"पाच हप्त्यांत होईल की. दहा-दहा हजार."

"एवढी ओढाताण कशाला करतेस?" भिंग म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. "हप्ते जास्त दाखवले की साहेब खूश होतात. माणूस टिकणार असं वाटतं त्यांना. वीस लिहू?"

"तू म्हणशील तसं. तुला काय ते कळतं."

भिंगनं वीस लिहिले. अडीच-अडीच हजारांचे. अक्षर वळणदार आलं, हात मुळीच कापला नाही. बडबडीनं खाली सही केली आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढच्या सोमवारी भिंग उजेडाच्या पडद्यासमोर परत आली. शेजारच्या स्टुलावर एक नवीन मुलगी बसली होती, खालमानेनं काम करणारी. बाटल्या सरकत होत्या. भिंगला आता पूर्वीसारखं दिसत नव्हतं, पण ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बडबडी भट्टीकडून आली. तोंड काळवंडलेलं, उजव्या बाहीला जळकं भोक. ती समोर बसली आणि पाणी प्यायली.

"साहेब म्हणाले, हप्तेवाली माणसं टिकतात," ती म्हणाली. "तुलाही असंच धाडलं होतं का गं तिकडे? ठाऊक होतं तुला?"

"छे गं," भिंग म्हणाली. "मला कुठलं ठाऊक असायला?"

आणि तिनं आपल्या डब्यातली अर्धी भाजी बडबडीच्या डब्यात वाढली.