उपासाला चालणारं बेलफळ

यमुनाबाईंना त्या ऑपरेशनचा कंटाळा आला होता. भीती केव्हाच संपली होती, उरला होता तो निव्वळ शीण. वसंतरावांच्या हर्नियाची पहिली तारीख वाढलेल्या साखरेमुळे हुकली. दुसऱ्या तारखेच्या तोंडावर जयपूरच्या उन्हाने त्यांचं पोट बिघडवलं आणि बँकेच्या बदलीने इथे आलेले हे साहेब दिवसभर संडासाच्या दाराशी येरझाऱ्या घालू लागले.

त्या वेळी धावून आल्या शेजारच्या कलावतीभाभी. त्यांनी कच्च्या बेलफळाच्या वाळलेल्या चकत्या दिल्या आणि उकळून पाणी पाजायला सांगितलं. पोट थांबलं. मग, "अब पक्के बील का शरबत पिलाओ, पेट ठंडा रहेगा," असं म्हणून पिकलेली बेलफळंही आणून दिली. साताऱ्याकडच्या यमुनाबाईंना बेल माहीत होता तो महादेवाला वाहण्यापुरता. त्याचं फळ दगडावर फोडायचं, गर पाण्यात कुस्करायचा, बिया आणि दोरे गाळून काढायचे, हे सगळं त्या इथे शिकल्या. साखरेऐवजी सैंधव आणि भाजलेलं जिरं घालायच्या. साखर नाही म्हणजे मधुमेहाला चाललंच, असा त्यांचा सरळ हिशोब.

वसंतरावांना शरबत मानवलं. मात्र जेवणाआधी हात थरथरायचे, कपाळाला दरदरून घाम फुटायचा. "उन्हाळाच असा मेला," म्हणून यमुनाबाई पंखा वाढवायच्या. पुढच्या तपासणीत साखर चांगली उतरलेली निघाली. डॉक्टर खूश झाले. "मधुमेहाच्या गोळीशिवाय आणखी काही घेता?" या प्रश्नाला दोघांनी एका सुरात "काही नाही" म्हटलं. बेल म्हणजे देवाचं फळ, ते औषधात कोण धरतो!

तिसरी तारीख सोमवारची मिळाली. पोट अगदी रिकामं ठेवून या, असं बजावलं होतं. वसंतरावांचा सोमवार वर्षानुवर्षांचा. पहाटे त्यांना गळून गेल्यासारखं झालं, तेव्हा यमुनाबाईंनी पेलाभर बेलाचं शरबत पुढे केलं. उपासाला चालतं ना, मग झालं.

इस्पितळात भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "सुबह से कुछ खाया?"

"नहीं जी, उपवास है," वसंतराव ऐटीत म्हणाले.

"बहुत अच्छा," म्हणत डॉक्टर पुढे गेले. स्ट्रेचर हललं. आणि यमुनाबाईंना पहाटेचा पेला आठवला. आपल्या उपासात फळ चालतं, शरबत चालतं. या माणसाच्या उपवासात ते चालत असेल का? बोललं तर पुन्हा घरी. पुन्हा तेच पथ्य, तेच कण्हणं, चिडचिड, पुन्हा रजेचे अर्ज. गप्प राहावं, एक पेला तर दिलाय, असं त्यांच्या मनात आलं. आलं, खोटं कशाला बोला. पाय तर इतके दुखत होते की बाकावर बसावं आणि कुणीतरी येऊन सगळं पार पडलं म्हणून सांगावं.

"डॉक्टरसाहब," त्या ओरडल्याच, "मैंने इनको बेल का शरबत दिया है। सुबह। और रोज देती हूँ।"

स्ट्रेचर थांबलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. साखर फार खाली गेली होती. सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं. मग त्यांनी थकल्या आवाजात समजावलं : भूल दिल्यावर पोटातला गर उलटून फुफ्फुसात गेला असता तर जिवावर बेतलं असतं. शिवाय बेल साखर उतरवू शकतो. किती उतरवेल ते मी सांगू शकत नाही. पण गोळीच्या जोडीला रोज घेतला तर साखर अशी खाली जाऊन हात थरथरतात, घाम फुटतो. बाहेरचं गोड शरबत तर उलट साखर चढवेल. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे बेल बंद, आणि जे काही पोटात जातं ते मला सांगायचं.

म्हणजे चौथी तारीख.

रिक्षात वसंतराव तोंड फिरवून बसले. यमुनाबाईंनी समजूत घातली नाही. तेवढं त्राण नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी वसंतरावांना मऊ भात भरवला, ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. समोर टोपलीत शेवटचं बेलफळ होतं. इतके दिवस गाळण्यात हात भरले, पण त्यांनी स्वतः एक घोटही घेतला नव्हता. नवऱ्याला आपण स्वतःच्या हाताने काय पाजत होतो, या विचाराने त्यांना रडू कोसळलं.

दारात पावलं वाजली. वसंतराव चौकटीला धरून उभे होते.

"यमुना," ते म्हणाले, "तू सकाळपासून काही खाल्लंस?"

आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली, नाही.

वसंतराव हळूच खाली वाकू लागले. हर्नियाची कळ आली. तरी त्यांनी टोपलीतलं बेलफळ उचललं, उंबऱ्यावर आपटून फोडलं, आणि यमुनाबाईंच्या शरबतासाठी साखरेचा डबा कुठे आहे ते शोधू लागले.