बाराव्या ओळीची तारीख

"ताई, ह्यावर 'आज' लिहिलंय. आज म्हणजे कुठला आज?" ग्राहक मदत केंद्रातल्या मॅडमनी विचारलं.

टेबलावर सोळा स्क्रीनशॉटच्या प्रिंट पसरल्या होत्या. काही अर्धवट कापलेले, दोनांत तर एकच मजकूर. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीशी ताईचं जे बोलणं झालं, ते सगळं त्यात होतं. मशीन आठ तारखेपासून मधेच बंद पडून बोंबलत होतं. कंपनीची ती गोडबोली पोरगी रोज "उद्या नक्की" म्हणत राहिली, आणि तेराला पहाटे बाबा गेले. मेल्यांना सोडायचं नाही, एवढं एकच ताईने मनाशी धरलं होतं.

"हा चौदाचा," ती ठामपणे म्हणाली. "बाबा गेल्यावर शहाणपण सुचलं त्यांना. बघा काय लिहिलंय: 'मशीनवर विसंबू नका, पेशंटला लगेच दवाखान्यात हलवा.' अंत्यसंस्कारानंतर!"

"चौदाला तुम्ही तो भावाला पाठवलात, असं मघाशी तुम्हीच सांगितलंत. पाठवल्याची तारीख वेगळी, काढल्याची वेगळी. तुमचा फोन द्या."

मॅडमनी फोटोचा तपशील उघडला. बारा तारीख, दुपारी चार पंचवीस. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मूळ चॅट वर सरकवलं. तिथेही बाराच होती. निरोप चार दहाचा, आणि त्याच्याखाली चार बाराला ताईचं उत्तर: "बरं."

बारा तारखेला बाबांचा जरा डोळा लागला होता. रोजचीच ह्यांची थापेबाजी, उगाच कशाला उठवायचं, असं तिला वाटलं होतं. आणि हे ती पार विसरून गेली होती. अगदी शपथेवर सांगितलं असतं तिने, चौदाच म्हणून!

मॅडम तारीखवार तक्ता भरू लागल्या. "ही ओळ गाळली तर?" ताईने विचारलं.

"चॅट त्यांच्याकडेही आहे. पहिल्यांदा हेच दाखवतील, मग बाकीच्या पंधरांवरही कोण विश्वास ठेवणार? चोवीस तासांत मशीन बदलून द्यायचा करार होता, तो त्यांनी मोडलाच. तक्रार उभी राहते, ताई."

"बाबा कशाने गेले, ते ठरेल का ह्याने?"

"ते हा कागद नाही सांगू शकत."

ताईने स्क्रीनवरच्या आपल्या उत्तरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "लिहा. 'बरं'सुद्धा लिहा."

धाकटा भाऊ कराराच्या झेरॉक्स घेऊन आला तेव्हा तक्ता छापून झाला होता: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, स्क्रीनशॉट क्रमांक. "सापडले ना लबाड?" म्हणत त्याने तो उभ्यानेच वाचायला घेतला. बाराव्या ओळीशी आल्यावर तो खाली बसला.

"हे तुला बाबा जायच्या आदल्या दिवशी आलं होतं?"

"हो."

"आणि मी महिनाभर लोकांना सांगत फिरतोय, की कोणी आम्हाला वेळेवर सांगितलंच नाही म्हणून."

तिला त्याच्याकडे बघवेना. मॅडमनी 'वरील माहिती खरी आहे' ह्या वाक्याखालची जागा दाखवली. भावाने कागद तिच्यापुढे सरकवला. पेन तिने स्वतःच उचललं आणि सही केली.