कौतिक आबांची सही

माणूस जायच्या आधीच त्याचं पुढचं सगळं ठरवून टाकण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. कौतिक आबांना धुळ्याच्या दवाखान्यात दाखल करून आठवडा झाला नव्हता, तोवर भावकीनं निकाल लावला होता: आबांना घरी न्यायचं, मरण आपल्या ओट्यावर यावं. त्यांच्या पायाच्या जखमेचं विष रक्तात भिनलं होतं आणि किडन्या बंद पडत चालल्या होत्या. डॉक्टर डायलिसिस करू म्हणत होते, पण खात्री देत नव्हते.

थोरला मुलगा म्हणून नवल पुढे झाला. मागे त्याचे चुलते जीवराम नाना उभे होतेच.

डॉक्टर हितेंद्रांनी समजावून पाहिलं, मग छापील कागद काढला. ज्योती सिस्टरनं तो सावकाश वाचला : "डायलिसिस न घेतल्यास थोड्याच दिवसांत मृत्यू येऊ शकतो, हे मला समजणाऱ्या भाषेत सांगण्यात आले आहे. तरीही मी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णालय सोडत आहे. मी केव्हाही उपचारासाठी परत येऊ शकतो."

"आण, मी करस सही," नाना म्हणाले.

"तुमची नाही चालणार," डॉक्टर म्हणाले. "आबा पूर्ण शुद्धीवर आहेत. सही त्यांची, आणि तीही सगळं सांगितल्यावर."

नवल डॉक्टरांच्या जवळ सरकला. आबांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. सूज उतरली, आता सुट्टी होणार, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"साहेब, त्यास्ले नका सांगू. हाय खातील ते."

"मग जोखीम समजावली असं खोटं लिहू का मी?"

नाना हसले. "सांगा खुशाल. मना भाऊ मरनले भ्यायना नही कधी." त्यात खोटं काही नव्हतं. विहिरीत कोणी पडलं की दोर कमरेला बांधून आधी उतरणारा माणूस तो.

नाना बाहेर थांबले. डॉक्टरांनी खुर्ची ओढून, पडदा लावून आबांना सगळं सांगितलं: डायलिसिस केलं तर थोडी आशा आहे, घरी गेलात तर नाही. आबा छताकडे बघत ऐकत होते. डॉक्टर गप्प झाल्यावर त्यांनी नवलचं मनगट पकडलं. एवढ्या आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला, नवलला कळेना.

"नवल, माले घर नको लई जाऊ."

"आबा, बठ्ठा भाऊबंद वाट देखी ऱ्हायनात..."

"देखू दे. माले भ्याव वाटस रे. माले जगनं शे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहू लागलं. "कोनले सांगू नको."

आयुष्यात पहिल्यांदा नवलनं बापाला रडताना पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. न विचारता आपण त्यांना न्यायला निघालो होतो. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, रुग्णाची उपचार घेण्याची इच्छा आहे, आणि तो छापील कागद सहीवाचून तसाच राहिला. बाहेर येऊन नवलनं नानांना सांगितलं, "डायलिसिस करायचं ठरलं." कोणी ठरवलं, ते सांगितलं नाही.

डायलिसिस झालं, पण उतार पडला नाही. आबांची शुद्ध गेली, श्वासाचं मशीन लागलं. मग नाना पुन्हा आले.

"आते तर तुनी सही चालस ना? कर, आनि चाल घर."

डॉक्टरांनी नवलकडे पाहिलं. "रुग्ण शुद्धीत नसला की नातेवाईक सही करतात हे खरं. पण शुद्धीत असताना ते काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलंय. तेच धरून ठरवायचं."

नाना काहीतरी विचारणार, तेवढ्यात नवल घाईनं म्हणाला, "नही. मी करनार नही सही."

आबा तिथंच गेले. शेवटच्या घटकेला जवळ ना घरचं कोणी होतं, ना गावचं. नवल काचेबाहेर उभा होता.

गावात दहाव्याला भावकी जमली आणि नानांच्या तोंडाचा पट्टा सुटला. मशीनच्या नळ्यांत मारलं वाघासारख्या माणसाला, घरचा उंबरासुद्धा दिसू दिला नाही. बायका डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. शेवटी आई सुंदरबाईनंच विचारलं, "नवल, खरं सांग. त्यास्नी घर लई चाल म्हनं नही का रे?"

नवलला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. त्यानं आईकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं.

"म्हनत होतात," तो म्हणाला. "घर चाल, घर चाल, एकच बोलनं. भ्यायना नहीत ते. मीच नही आनं."

त्यानंतर आई बरेच महिने त्याच्याशी बोलली नाही.